कथा: निरीवरचा डाग (आणि शेवटाबद्दल एक शंका)

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. एक छोटी कथा लिहिली आहे, खाली देते. कशी वाटली ते सांगाच, पण मला एक नेमकं विचारायचं आहे. कथेतली नरसव्वा जे करते ते प्रत्यक्षात चालेल का? माझी जाऊ वाचून म्हणाली, "हळदीचा डाग रेशमावरून असा निघतच नाही. तू तो कथेत काढून टाकलास." ज्यांना कापडातलं कळतं त्यांनी खटकलं तर खटकलं म्हणून सांगा. शेवट त्यावरच अडलाय.

—

लग्नानंतरची पहिली वटपौर्णिमा. सासूबाईंनी आदल्या रात्रीच पेटीतून आपली मोतिया रंगाची रेशमी साडी काढून मृदुलाच्या हातात दिली होती. मरून काठ, काठात जर. "माझ्या लग्नातली आहे. उद्या तू नेस," एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्या शेजारणींबरोबर पुढे गेल्या. मृदुला नेसून तयार होती, आणि तेवढ्यात तिला नवऱ्याचा डबा आठवला. भाजी-पोळी भरून झाली होती, लोणचं राहिलं होतं. फडताळातली नवी बरणी तिने ओट्यावर घेतली. कैरीच्या फोडींवर चांगलं पेरभर तेल उभं होतं. पळी सापडेना. तिने बरणी जरा कलती केली, फोड अडकली, मग एकदम सुटली, आणि तिच्यामागून तेल आलं. निऱ्यांवर तळहाताएवढा पिवळा-लाल पट्टा उमटला आणि खाली काठापर्यंत ओघळला.

ती तशीच मोरीकडे धावली. नळ सोडला, निऱ्या हातात धरल्या.

"वद्दु! वद्दु!"

समोरच्या घरातली नरसव्वा वडाला गुंडाळायचं सूत मागायला आली होती. दारातूनच ओरडली. "पाणी नको लावू पोरी. बंद कर नळ आधी."

मृदुलाने नळ बंद केला. हात थरथरत होते.

"रडायचं नंतर रड. साडी सोड. दुसरी नेस. फेडताना डाग दुसऱ्या पदराला लागू देऊ नको, तेवढा भाग बाहेर धर."

नरसव्वाने साडी खाटेवर पसरली. डागाखाली जुनं धोतर चौपदरी घडी करून सरकवलं. चमच्याच्या कडेने मसाल्याचे कण एकेक वर उचलून घेतले, पुसले नाहीत. मग धोतराचाच दुसरा तुकडा डागावर ठेवून हाताच्या तळव्याने दाबला, उचलला, कोरडी बाजू करून पुन्हा दाबला. धोतरावर पिवळं उतरत गेलं.

"पावडर आण. तोंडाला लावतेस ती."

डबा जवळजवळ रिकामा झाला. डागावर बोटभर उंचीचा ढीग झाला.

"आता हात लावायचा नाही. वडाला जाऊन ये."

"आईंना काय सांगू?"

"सांडलं म्हणून सांग. काय चोरी केलीस काय?"

दुपारी पावडर केशरी झालेली दिसली. नरसव्वाने मऊ ब्रशने ती झाडली, नवी घातली. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी रिठे भिजवून, फेस काढून, त्या पाण्याचे चार बोळे दाबले, मग साध्या पाण्याचे, आणि साडी सावलीत पसरली.

संध्याकाळी सासूबाईंनी निऱ्या उलगडून उजेडात धरल्या. डाग कुठे होता ते मृदुलालाही सापडेना.

—

जिरायती

लई भारी. "काय चोरी केलीस काय" वाचून आमच्या गल्लीतली अव्वाच समोर आली. सोलापुरात अशी एक बाई प्रत्येक गल्लीत असते, आणि ती सगळ्या गल्लीची असते.

रेशीमगाठ

शेंगाचटणी ताई, घाबरू नका. तेल कधी सांडलंय? साडी कुठली आहे, कांजीवरम की पैठणी? आजच सांडलं असेल तर घरी काही करू नका, सरळ चांगल्या ड्रायक्लीनरकडे द्या. फोटो टाकता का?

जिरायती

@रेशीमगाठ, ताई, कथा आहे ती. साडी कथेतली आहे. :)

रेशीमगाठ

अरे हो की! मी फक्त वरचा प्रश्न वाचला आणि धावत आले. पण सल्ला तोच राहील हं.

अक्कलकोटरोड

कथा आवडली. डागाबद्दल सांगतो, आमच्या घरी कायम केलेला उपाय: आधी बेसन लावायचं, ते तेल ओढून घेतं. मग भांडी घासायच्या साबणाचा फेस लावून हलक्या हाताने चोळायचं आणि शेवटी लिंबू पिळायचं, हळद जाते. माझ्या पांढऱ्या शर्टावरची आमटी अशीच गेली. रात्रभर वाट बघायची गरजच नाही, अर्ध्या तासात काम होतं.

मागधोटा

कथेतली बाई बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आमचं घर विणकराचं. माझी निम्मी नोकरी डाइंगमध्ये गेली आणि नंतरची काही वर्षं रेशमी साड्यांच्या रंगाईत.

लोणच्याचा डाग एक दिसतो, पण त्यात दोन गोष्टी असतात, तेल आणि त्यात विरघळलेला रंग. हळदीचा आणि मिरचीचा रंग तेलात सहज उतरतो, पाण्यात जवळपास नाही. म्हणून जोवर तेल ओलं आहे तोवर रंग तेलाबरोबर फिरतो. तेल ओढून घेतलं की त्याच्यासोबत बराचसा रंगही निघतो. पण हळद हा रेशमाचा पक्का नसला तरी खरा रंग आहे. रेशमाला ती तुरटीशिवायही चढते, गरम पाण्यात तर झपाट्याने. मृदुलाने नळाखाली धरून निऱ्या चोळल्या असत्या तर तेल तिथेच राहिलं असतं, पसरलं असतं, आणि हळदीला धाग्यात शिरायला वाट मिळाली असती. त्यामुळे "वद्दु" अगदी योग्य जागी आलंय.

आता अक्कलकोटरोड यांच्या उपायाबद्दल. शर्ट सुती होता म्हणून चाललं. तेल कोरड्या पुडीने ओढायचं हे तुमचं बरोबर आहे, पण बेसन स्वतः पिवळं, आणि ओलं झालं की चिकटतं. शंखजिऱ्याची पूड सगळ्यात चांगली, तोंडाची पावडर बहुतेक तीच असते. भांड्याच्या साबणाची वडी मात्र रेशमाला कधीच लावू नका. तिच्यात सोडा असतो. हळदीला सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच तर करतात. पिवळा डाग होता, तो तांबडा झाला की माणूस घाबरून आणखी घासतो. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, घासलं की वरचे बारीक तंतू तुटतात आणि तिथे पांढुरकी, बिनचमकेची खूण पडते. डाग एकवेळ निघेल, ती खूण निघत नाही.

रिठ्याचं पाणी सोड्यासारखं नसतं, उलट जरा आंबट बाजूचं असतं, म्हणून त्याने हळद लाल होत नाही. मोतिया साडीवर मात्र ते पातळ हवं. दाट केलं तर त्याचाच तपकिरी रंग राहतो.

अक्कलकोटरोड

कुंकवाचं लक्षातच आलं नव्हतं. पण लिंबू? लिंबाने लाल झालेली हळद परत पिवळी होते ना?

मागधोटा

होते, परत पिवळी होते. जात नाही. आणि मृदुलाच्या साडीला काठात जर आहे. साडी जुनी असली तरी जर चांदीचीच असेल असं नाही. तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असेल तर लिंबाने मुलामा गेलेल्या जागी तांबं उघडं पडून रंग बदलतो.

डोंबिवलीचीसून

जरीवरून माझं सांगते. माझं माहेर सोलापूरचं. माझ्या मुंजीतल्या साडीवर, म्हणजे भावाच्या मुंजीत नेसलेल्या, असंच लोणचं सांडलं होतं. ड्रायक्लीनिंगला दिली. परत आली तेव्हा एकदम स्वच्छ. ठेवून दिली. पुढच्या वर्षी घडी मोडली तर काठावर जिथे तेल होतं बरोब्बर तिथे जर काळपट-हिरवी. दुकानदार म्हणाला आमच्याकडून गेली तेव्हा नीट होती, आणि ते खरंही होतं. मग हे झालं कशाने? मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मागधोटा

@डोंबिवलीचीसून, बहुधा मिठाने. लोणच्यात मीठ किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतं, द्रावक असतं, त्याने तेल छान निघतं, पण मीठ द्रावकात विरघळत नाही. ते जरीत बसून राहतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा धरतं आणि तांब्याला खातं. म्हणून देतानाच सांगायचं की लोणचं आहे, तेल काढल्यावर पाण्याचाही हात फिरवा. चांगला कारागीर समजून घेतो.

याच कारणासाठी कथेत शेवटी साध्या पाण्याचे बोळे आलेत ते मला फार आवडलं. लेखिकेने ते माहीत असून लिहिलं की सहज आलं, कल्पना नाही. पण फक्त पावडर लावून थांबली असती तर काठ गेला असता. बोळे बाहेरून आत असे दाबायचे, आणि शेवटी ओल्या भागाची कड कोरड्या फडक्याने विरळ करत न्यायची. नाहीतर डाग जातो आणि पाण्याची गोल कड राहते. तीही रेशमावर तितकीच दिसते.

शेंगाचटणी

माझी आजी शेवटी "खारटपणा काढायचा" म्हणून साध्या पाण्याचा हात फिरवायची, ते आठवून लिहिलं. कारण आज कळलं. खूप आभार. पण मुख्य प्रश्न राहिलाय, डाग पूर्ण जाईल का?

कोपऱ्यातलावाचक

मी डागाबद्दल काही बोलणार नाही, कथेबद्दल बोलतो. सासू दिसतच नाही. दोन वाक्यांत येते, साडी देते आणि उजेडात धरते. वाचक सासूच्या रागाची वाट बघतो, तुम्ही तो टाळलात हे चांगलं केलंत, पण त्या जागी काही दिलं नाही. डाग गायब झाल्यामुळे तिला बोलायची गरजच उरली नाही. माझ्या मते डाग थोडा राहायला हवा. तो राहिला तर त्या तिघींना एकमेकींशी काहीतरी करावं लागेल.

रेशीमगाठ

@कोपऱ्यातलावाचक, असहमत. नवी नवरी, पहिला सण, कथेत तरी साडी स्वच्छ निघू दे! खऱ्या आयुष्यात राहतातच डाग.

जिरायती

मला वेगळीच शंका. लोणच्यात तेल कुठलं? आमच्याकडे करडईचं घालायचे. आता सगळे शेंगदाण्याचं किंवा पिशवीतलं घालतात. आजी म्हणायची करडईच्या तेलाशिवाय लोणचं घरचं वाटत नाही. अवांतर आहे, पण सोलापूर म्हटलं की करडई आलीच पाहिजे.

कडकभाकरी

करडई कुठं राहिली बे आता. काढायला मजूर मिळत नाही, काटे टोचतात म्हणून कुणी येत नाही. आमच्या शेतात शेवटची कधी पेरली आठवत नाही. घाण्याचं तेल मिळतं शहरात, पण दर ऐकून गप बसतो.

मागधोटा

जिरायती, तुमचा प्रश्न अवांतर नाही. करडईचं तेल हवेने सुकतं, काही ठिकाणी ते रंगात-वार्निशात घालतात ते त्यामुळेच. कापडावर पातळ थर राहिला तर काही आठवड्यांत ते चिकट होतं आणि मग पिवळं, कडक होत जातं. त्यानंतर पावडर काही ओढू शकत नाही, कारण ओढायला तेल उरलेलंच नसतं. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने सावकाश बिघडतं. म्हणजे मृदुलाने घाबरून साडी तशीच घडी करून पेटीत लपवली असती तर दिवाळीला नरसव्वाच काय, कुणीच काही करू शकलं नसतं. बरणीत करडईचं तेल होतं असं एक वाक्य घातलंत तर नरसव्वाच्या घाईला कारण मिळेल.

आता मुख्य प्रश्न. माझ्या अनुभवात, लगेच पावडर लागली तर तेल पूर्ण निघतं. हात फिरवला तर चिकट लागत नाही आणि उजेडात आरपार धरलं तर तो भाग पारदर्शक दिसत नाही. तेल गेलं की नाही हे ओळखायची खूण हीच, रंगावरून नाही. हळदीची फिकट पिवळी छाया मात्र मोतियासारख्या रंगावर राहण्याची शक्यता जास्त. गडद साडी असती तर दिसली नसती. तुमची जाऊ अर्धी बरोबर आहे.

आणखी एक. नरसव्वाला हे कुठून माहीत? सोलापुरात चादरी-टॉवेलच्या घरातली बाई असेल तर तिचा हात सुताला सवयीचा. तिथे गरम पाणी आणि सोडा चालतो, किंबहुना लागतोच. तीच सवय रेशमावर चालवली असती तर साडी गेली असती. तिचं माहेर पोचमपल्लीकडचं करा, तिथे रेशीमही विणतात. आपल्याकडे पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे धागे तेलंगणात आहेतच, ओढून आणल्यासारखं वाटणार नाही.

कडकभाकरी

इस्त्रीचं कुणी बोललं नाही. आमची आई डागावर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवायची, तेल कागदात यायचं. चालतं की.

मागधोटा

तूप किंवा मेण असेल तर कोरा टिपकागद आणि कोमट इस्त्री चालते. वर्तमानपत्राची शाई रेशमावर उतरते. आणि हळद असेल तर इस्त्री नकोच, उष्णतेने रंग आत बसतो.

डोंबिवलीचीसून

पण उन्हाने हळद उडते ना? लग्नातली हळदीची साडी आई गच्चीवर उन्हात टाकायची, दोन दिवसांत पांढरी. मग त्या पिवळ्या छायेला ऊन दाखवलं तर? नरसव्वाने सावलीत का वाळवली?

मागधोटा

हळद उन्हाने उडते हे अगदी खरं. पण रेशमाला ऊन सोसत नाही, ते स्वतः पिवळं पडतं आणि कुजकं होत जातं. शिवाय साडीचा रंगही उडतो, फक्त डागाचा नाही. मी सावलीच्या बाजूने.

डोंबिवलीचीसून

मोतिया साडीत उडायला रंग तो कितीसा असतो? बाकीची साडी झाकून तेवढीच निरी सकाळच्या कोवळ्या उन्हात घटकाभर धरली तर? माझ्या मावशीने असं केलेलं आहे आणि तिची साडी अजून नेसण्यासारखी आहे. तुम्ही रंगाईतले आहात, मान्य, पण मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागधोटा

एकदा, थोडा वेळ, तर कदाचित. मी माझ्या साडीवर करणार नाही. तुमच्या मावशींचं नशीब आणि रेशीम, दोन्ही चांगलं असेल. यावर आपलं एकमत होईलसं वाटत नाही. :)

शेंगाचटणी

सगळ्यांचे मनापासून आभार. बरणीत करडईचं तेल आलं, नरसव्वाचं माहेर पोचमपल्ली झालं. शेवट पुन्हा लिहिलाय. तुमचं सगळ्यांचं ऐकून बदललाय असं नाही, मला स्वतःलाच आता आधीचा शेवट घाईचा वाटतोय.

—

तिसऱ्या वेळी मृदुलाने रिठ्याचं पाणी पुढे केलं तेव्हा नरसव्वाने वाटी बाजूला ठेवली.

"बास आता."

"अजून पिवळं दिसतंय अव्वा."

"दिसू दे. हात लाव. चिकट लागतं? नाही ना? तेल गेलं. आता जे आहे ते काढायला गेलीस तर कापड निघेल."

संध्याकाळी सासूबाईंनी निऱ्या उजेडात धरल्या. फिकट पिवळी छाया होती, बघणाऱ्याला दिसेल एवढी. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"पाणी लावलं का काठाला?"

"लावलं," नरसव्वा म्हणाली. "मीठ राहू दिलं नाही."

"मग ठीक आहे." त्यांनी साडीची मोजदाद करावी तशी निऱ्या बोटांवर घेतल्या. "हा भाग चौथ्या निरीत येतो. उद्यापासून नेसताना दोन बोटं डावीकडून सुरुवात कर, आत जाईल. आणि बरणीला पळी बांधून ठेव सुतळीने, माझीही हरवायची."

—

कोपऱ्यातलावाचक

आता सासू आली. नाकाशी बोट नेणं उत्तम. एकच सुचवतो: "बघणाऱ्याला दिसेल एवढी" काढा, "मग ठीक आहे" मध्ये ते आलंच.

रेशीमगाठ

हा शेवट मलाही आवडला, कबूल. पण दोन बोटं डावीकडून सुरुवात केली तर निरी पुढेमागे होईल, पदराची लांबी बदलेल. सहावारी आहे की नऊवारी? नऊवारी असेल तर हे जमणारच नाही.

शेंगाचटणी

सहावारी. उद्या स्वतः नेसून बघते आणि मग सांगते.

जिरायती

तोवर मला कुणीतरी करडईच्या तेलाचा चांगला घाणा सांगा. कैऱ्या आणून ठेवल्यात.

कडकभाकरी

व्यनि केलाय. बाटली आपली घेऊन जा, आणि दुपारच्या आत जा, नंतर संपतं.